दुसऱ्याची फजिती आणि मेंदूचा आनंद

वर्गात सतत पहिल्या येणाऱ्या मुलाचा एखादा पेपर अवघड जातो आणि मागच्या बाकावर कुणाच्या तरी ओठांवर हसू उमटते. ‘बरी जिरली’ असे मनात म्हणताना होणाऱ्या या सुखाला जर्मन भाषेत ‘शाडनफ्रॉइड’ म्हणतात. ‘शाडन’ म्हणजे नुकसान आणि ‘फ्रॉइड’ म्हणजे आनंद. इंग्रजीने हा शब्द जसाच्या तसा उचलला आणि पुढे तो मानसशास्त्रातही रुळला.

मराठीत याच्या जवळ जाणारा शब्द म्हणजे ‘आसुरी आनंद’. मात्र तो दुसऱ्याला स्वतः छळणाऱ्याच्या आनंदालाही लावला जातो. शाडनफ्रॉइडमध्ये माणूस केवळ बघ्या असतो. फजिती त्याने घडवलेली नसते, ती त्याच्यासमोर घडते. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला स्वतः हरवल्याच्या आनंदाला हा शब्द लागू होत नाही. तोच प्रतिस्पर्धी तिसऱ्याच कुणाकडून हरला आणि आपल्याला बरे वाटले, तर तो चपखल बसतो.

हे सुख नेमके कुणाच्या बाबतीत होते, याचा शोध जपानमधील हिदेहिको ताकाहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. त्यांचे संशोधन २००९मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांनी १९ निरोगी व्यक्तींना एक काल्पनिक कथा वाचायला दिली आणि त्याच वेळी एफएमआरआय यंत्राने त्यांच्या मेंदूतील हालचाल टिपली. कथेत वाचणारा स्वतःच नायक होता. त्याच्याभोवतीच्या विद्यार्थ्यांपैकी एक त्याच्याहून सरस होता आणि त्याची ध्येयेही नायकासारखीच होती. दुसरा सरस असला तरी त्याची वाट वेगळी होती. तिसरा सामान्य होता.

सर्वाधिक मत्सर वाटला तो पहिल्याचा. त्या वेळी मेंदूच्या पुढच्या भागातील, वेदना व मानसिक संघर्षाशी निगडित असलेला ‘अँटिरिअर सिंग्युलेट’ हा भाग अधिक सक्रिय झाला. पुढच्या टप्प्यात पहिल्या आणि तिसऱ्या विद्यार्थ्यावर संकटे आलेली दाखवली. पहिल्याची फजिती वाचताना ‘व्हेंट्रल स्ट्रायटम’ जागा झाला. बक्षीस मिळाल्यावर सक्रिय होणारा हाच भाग. सामान्य विद्यार्थ्याच्या संकटाने तसे घडले नाही. शिवाय ज्यांच्या मेंदूत मत्सराची खूण ठळक होती, त्यांच्यात या सुखाची खूणही ठळक होती.

या प्रयोगाला मर्यादा आहेत. सहभागी मोजके होते आणि प्रसंग कल्पित होते. शिवाय व्हेंट्रल स्ट्रायटम इतर अनेक सुखांतही सक्रिय होतो, त्यामुळे केवळ त्यावरून कुणाच्या मनातील भावना ओळखता येत नाही. मत्सर हे या सुखाचे एकमेव कारणही नाही. लाचखोर अधिकारी पकडला गेल्यावर लोकांना बरे वाटते ते ‘केले तसे भरले’ या भावनेतून. तिथे हेवा नसतो, तरीही शब्द हाच लागू पडतो.

म्हणून एखाद्याच्या फजितीने हसू आले, तर एक प्रश्न उपयोगी पडतो: त्याने काही गैर केले होते, की तो फक्त आपल्यापुढे होता?