चेहऱ्याला चिकटलेला रंग

ठाण्यातल्या एका सहकारी बँकेत कर्ज विभाग सांभाळणाऱ्या बाई गेल्या पावसाळ्यात नवा चष्मा करायला निघाल्या, त्या एका प्रश्नाला कंटाळून. रोज कुणी ना कुणी विचारायचं, "मॅडम, आज दमलात का?" झोप व्यवस्थित, तब्येत ठणठणीत. वय ४८, नंबर उणे साडेपाच, त्यामुळे चष्मा सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत नाकावर. फ्रेम जाड, चकचकीत काळी. सहा वर्षांपूर्वी घेतली तेव्हा सगळ्यांनी वाखाणली होती. मधल्या काळात बदलले ते केस. दोन वर्षांपूर्वी त्यांनी कलप लावणं सोडलं आणि कानशिलांपासून भांगापर्यंत राखाडी पसरली. भुवयाही विरळ, फिक्या झाल्या. आता चेहऱ्यावर सगळ्यांत गडद काय, तर ती फ्रेम. बघणाऱ्याची नजर आधी तिच्यावर जायची आणि मग तिच्या खालच्या कडेला लागून असलेल्या काळ्या वर्तुळांवर.

शेजारचा रंग माणसाचा रंग बदलून दाखवतो, ही गोष्ट फ्रान्समधल्या एका रसायनशास्त्रज्ञाने जवळजवळ २०० वर्षांपूर्वी सिद्ध केली. मिशेल शेव्रल पॅरिसच्या गोब्लँ या नामांकित विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. निळ्या-जांभळ्या कापडात विणलेला काळा धागा फिका, निस्तेज दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने रंग तपासला, तर काळ्यात काहीच खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे डोळ्याला तो काळा वेगळा भासत होता. १८३९ साली त्याने यावर मोठा ग्रंथच लिहिला. चष्म्याच्या बाबतीत हा नियम फार कडकपणे लागू होतो, कारण साडी किंवा शर्ट चेहऱ्यापासून वीतभर लांब असतो आणि फ्रेम थेट कातडीला टेकलेली असते. हिरवट फ्रेमशेजारी गाल तांबूस वाटतात, गर्द जांभळ्या फ्रेमशेजारी तीच त्वचा पिवळट.

मग गोरी-सावळी पाहून रंग ठरवायचा का? दुकानात बहुधा तसंच होतं. सावळ्या गिऱ्हाइकासमोर निमूटपणे काळी-तपकिरी फ्रेम ठेवली जाते, "तुम्हाला हीच बरी दिसेल" म्हणून. हा सल्ला चुकीचा आहे आणि त्यापायी कितीतरी माणसं आयुष्यभर एकाच रंगाचा चष्मा वापरतात. गडद त्वचेवर डाळिंबी, मोरपंखी, गर्द निळा असे भरीव रंग उठून दिसतात आणि सोनेरी तारेची फ्रेम तर दागिन्यासारखी खुलते. तिथे पडतात ते मातकट, पिठूळ रंग. ते त्वचेच्या जवळपासच पोचतात, पण धड तिच्यात मिसळत नाहीत आणि वेगळेही दिसत नाहीत. चेहऱ्यावर राख फासल्यासारखं वाटतं.

वर्णापेक्षा कामाची गोष्ट म्हणजे त्वचा आणि केस यांच्यातला उजेड-काळोखाचा फरक. तो पाहायला सोपी युक्ती आहे. खिडकीशी उभं राहून मोबाइलवर फोटो काढायचा आणि तो कृष्णधवल करायचा. रंग निघून गेले की उरतात फक्त फिकट आणि गडद छटा. काळेभोर केस, दाट भुवया आणि गव्हाळ चेहरा असेल, तर फरक ठळक दिसतो. अशा चेहऱ्याला गडद फ्रेम सहज पेलते, कारण केसांशी तिचं नातं जुळतं. केस पिकलेले असतील, तर फोटोत सगळं मधल्या राखाडीत येतं आणि काळी फ्रेम पेनाने गिरवल्यासारखी वेगळी पडते. बँकेतल्या बाईंनी सहा वर्षांपूर्वीचा आणि आताचा, असे दोन फोटो कृष्णधवल करून शेजारी ठेवले, तेव्हा दुखणं कुठे आहे ते त्यांना एका नजरेत कळलं.

यानंतर त्वचेची झाक. मनगटाच्या शिरा निळ्या दिसतात की हिरव्या, यावरून झाक ओळखा असं सगळीकडे सांगितलं जातं, पण आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेतून बहुतेकांच्या शिरा हिरवटच दिसतात, त्यामुळे त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा घरातली दोन कापडं घ्यावीत, एक पांढरंशुभ्र आणि एक मोतिया. दिवसाउजेडी, चेहरा धुतलेला असताना ती आळीपाळीने हनुवटीखाली धरावीत. मोतियाने चेहरा ताजा दिसला आणि शुभ्राने ओढलेला, तर झाक पिवळसर आहे. उलट झालं तर तांबूस किंवा निळसर. दोन्ही सारखंच दिसलं तर झाक मधली, आणि मग रंगाची मोकळीक मोठी. पिवळसर झाकेला मध, तपकिरी, मेंदी, सोनेरी हे रंग जवळचे. निळसर झाकेला चंदेरी, गनमेटल, गर्द निळा, आमसुली हे जवळचे.

पण केस या हिशेबात लुडबूड करतात. मेंदी लावलेल्या केसांना तांबडी-केशरी झळाळी असते आणि तिच्याशेजारी गुलाबी किंवा निळसर फ्रेम भांडते. बाईंचं नेमकं उलट होतं. त्वचा पिवळसर, केस मात्र थंड राखाडी. सोनेरी फ्रेम घातली की गालांना बरी वाटायची, पण कानशिलांवरचे पांढरे केस पिवळट, जुनाट दिसायचे. म्हणून दोन्हींना सांधणारा रंग हवा होता, ज्यात थोडा तांबूसपणाही असेल आणि थोडा थंडपणाही.

दुकानात जाण्याच्या आदल्या रात्री त्यांनी आणखी एक गोष्ट केली. पंधरा दिवस कामावर जे नेसतात-घालतात ते सगळं पलंगावर मांडलं. गर्द निळं चार, डाळिंबी-आमसुलीच्या छटांचं तीन, मोतिया तीन, हिरवं दोन, मोहरीच्या रंगाचं एक, काळं दोन. कपाटात मोरपंखी पैठणी होती, पण ती वर्षातून दोनदा बाहेर निघणारी, म्हणून हिशेबात धरली नाही. रोज गळ्यात असतं ते काळ्या मण्यांचं सोन्याचं मंगळसूत्र मात्र धरलं. चष्म्याचा रंग प्रत्येक कपड्याशी जुळावा अशी अपेक्षाच चूक. पंधरापैकी बाराशी तो भांडला नाही तरी पुष्कळ. ज्यांचा पोशाख ठरलेलाच असतो त्यांचं काम सोपं होतं. वकिलांच्या काळ्या कोट आणि पांढऱ्या बँडमुळे गळ्याशी आधीच इतका विरोध असतो की फ्रेममध्ये थोडा रंग आला तरी तो शिस्तीतच बसतो.

दुकानात खरी अडचण वेगळीच निघाली. उणे साडेपाच नंबर असलेल्या माणसाला, नवी फ्रेम घालून आरशात पाहिलं तर स्वतःचा चेहरा धूसर दिसतो. जिचा रंग पारखायचा ती फ्रेम डोळ्यांवर, आणि पाहायला लागणारा चष्मा हातात. म्हणून बाईंनी भाचीला सोबत नेलं होतं. ती प्रत्येक फ्रेमचा फोटो काढायची आणि बाई आपला चष्मा लावून तो बघायच्या. फोटोही दाराबाहेर, सावलीत उभं राहून, कारण आतल्या पांढऱ्या दिव्यांखाली आमसुली रंग तपकिरी वाटत होता. फोटो सहा-सात फुटांवरून काढायचा. अगदी जवळून काढला की नाक आणि फ्रेम दोन्ही फुगतात.

पाच फ्रेमी बाहेर नेल्या. सोनेरी तारेची केसांमुळे बाद झालीच होती, शिवाय बारीक तारेतून जाड काचेची कड बाहेर दिसली असती. डेमी अंबर, म्हणजे कासवाच्या कवचासारखी मधाळ-तपकिरी ठिपक्यांची फ्रेम, भाचीला आवडली, पण तिचा तपकिरी रंग नेमका वर्तुळांच्या रंगाचा होता आणि ती आणखी खोल वाटू लागली. पूर्ण पारदर्शक फ्रेमने वर्तुळं हलकी झाली, पण या नंबराच्या काचेची पांढरी कड तिच्यातून आरपार दिसणार होती. आमसुली फ्रेमने चेहरा उजळला. खालची कड मात्र डोळ्यांखाली जांभळट सावली टाकत होती.

पाचवी फ्रेम ॲसिटेटची होती, वर आमसुली आणि खाली उतरता उतरता जवळजवळ रंगहीन. भुवयांच्या जागी रंगाचा आधार मिळाला, गालाशी उजेड राहिला. कडेचा प्रश्न आकाराने सुटला. उणे नंबराची काच मध्ये पातळ आणि कडांना जाड असते, सगळ्यांत जाड कानाकडच्या बाजूला. जुन्या फ्रेमच्या काचेची रुंदी ५४ मिलिमीटर होती, नवीची ४८. काच लहान झाली की जाड कडेचा भाग घासून निघून जातो, आणि उरलेल्याला बाजूच्या आमसुली रंगाने झाकलं.

दुकानदाराने दोन गोष्टी आपणहून सांगितल्या, त्याचं कौतुक करायला हवं. पहिली काचेची. फ्रेममध्ये दाखवायला बसवलेली प्लास्टिकची काच साधी असते. ब्लू-कट काच बसली की तिच्यावर निळी-जांभळी चमक येते आणि तिच्यातून थोडी पिवळी छटाही दिसते. बाईंच्या डोळ्यांखाली ती नकोच होती. त्यांनी हिरवट चमकेची साधी अँटीग्लेअर काच घेतली. दुसरी रंगाच्या टिकाऊपणाची. ॲसिटेटमध्ये रंग पदार्थातच असतो, तर स्वस्त प्लास्टिकच्या आणि धातूच्या बऱ्याच फ्रेमींवर तो वरून चढवलेला असतो. घामाने तो आधी काड्यांवर, कानामागे उडतो. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत तर लवकरच. विकत घेण्याआधी बिजागरीजवळची किंवा काडीच्या टोकाची कड नीट पाहावी. आतला रंग वेगळा दिसला तर रंग वरवरचा आहे असं समजावं. ॲसिटेटचंही एक पथ्य आहे. सॅनिटायझर किंवा स्पिरिटने पुसत राहिलं की ते पांढुरकं पडतं, म्हणून साधं पाणी आणि सौम्य साबण.

आठवड्याने चष्मा तयार झाला. त्या सोमवारी बाईंनी गर्द निळी सुती साडी नेसली होती. समोरच्या टेबलावरच्या सहकारी बाईंनी विचारलं, "साडी नवी का हो?" साडी चार वर्षांची होती. संध्याकाळी घरी आल्यावर बाईंनी चष्म्याच्या काडीच्या आतल्या बाजूचा फोटो काढून ठेवला. तिथे मॉडेलचा क्रमांक, ४८-२०-१४० हे माप आणि शेवटी बारीक अक्षरात रंगाचा क्रमांक असतो. काडी मोडली आणि तसलीच मागवायची झाली, तर दुकानदार तोच आधी विचारतो.