फोन हरवला, पालक ग्रुपचा ॲडमिन कोण? नवा ग्रुप काढण्याआधी हे वाचा

आरमोरी तालुक्यातल्या एखाद्या गावाची शाळा डोळ्यासमोर आणा. पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात 62 जण. दोन वर्षांपूर्वी शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष असलेल्या ताईंनी तो काढला. 'गुड मॉर्निंग'चा पूर नको म्हणून फक्त ॲडमिनलाच मेसेज टाकता येईल अशी सेटिंग केली आणि ॲडमिन एकट्या त्याच राहिल्या. मुख्याध्यापक मेसेज त्यांना पाठवायचे, त्या ग्रुपवर टाकायच्या.

शनिवारी आठवडी बाजारात ताईंचा फोन हरवला. रविवारी रात्री धो-धो पाऊस झाला आणि सोमवारी शाळांना सुट्टी जाहीर झाली. हा निरोप ग्रुपवर टाकू शकेल असं कुणीच उरलं नाही. पावसाळ्यात वैनगंगा फुगते, नाल्यांवरून पाणी जातं. अशा दिवशी मूल घरातून निघण्याआधी निरोप पोहोचणं गरजेचं असतं.

उदाहरण काल्पनिक आहे, पण अशी अडचण कुठल्याही शाळेत येऊ शकते. अशा वेळी पहिला विचार येतो तो नवा ग्रुप काढण्याचा. बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

ॲडमिनपद फोनमध्ये नसतं

व्हॉट्सॲपचं खातं मोबाइल नंबरशी जोडलेलं असतं, हँडसेटशी नाही. ग्रुपमधलं सदस्यत्व आणि ॲडमिनपदही त्या नंबरच्याच खात्यावर नोंदलेलं असतं. फोन हरवला तरी ताईंचा नंबर अजून ग्रुपचा ॲडमिन आहे. तोच नंबर दुसऱ्या हँडसेटवर सुरू केला की ॲडमिनपद जसंच्या तसं मिळतं.

दुसरी बाजूही लक्षात घ्या. बाकीचे 61 पालक एकमताने ठरवूनही नवा ॲडमिन नेमू शकत नाहीत. तो अधिकार फक्त सध्याच्या ॲडमिनकडे असतो. म्हणून सगळी धावपळ नंबर परत मिळवण्यासाठीच करायची.

आधी शाळेचा कॉम्प्युटर बघा

ताईंनी कधी शाळेच्या कॉम्प्युटरवर किंवा घरच्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब उघडलं होतं का? तिथे लॉगिन शिल्लक असेल तर पाच मिनिटांत काम होतं. मुख्य फोन बंद असला तरी जोडलेलं उपकरण साधारण 14 दिवस चालतं. ग्रुपची माहिती उघडा, मुख्याध्यापकांच्या नावाशेजारच्या बाणावर क्लिक करा आणि `Make group admin` निवडा. हे ताईंनी स्वतः किंवा त्यांच्या समोर करावं, कारण खातं त्यांचं आहे.

हे नवीन सिम घेण्याआधीच करा. नंबर दुसऱ्या फोनवर सुरू झाला की जुने जोडलेले कॉम्प्युटर लॉगआउट होतात.

सिम मिळालं, पण ओटीपी येत नाही

कॉम्प्युटरचा मार्ग नसेल तर डुप्लिकेट सिम घ्यावं लागतं. पहिली अडचण इथेच येते. सिम ज्यांच्या नावावर आहे, त्यांनाच ओळखपत्र घेऊन कंपनीच्या सेंटरवर जावं लागतं. घरातल्या बाईचा नंबर नवऱ्याच्या किंवा भावाच्या नावावर असणं आपल्याकडे नेहमीचंच. तो माणूस कामासाठी नागपूरला असेल तर तिथेच दोन दिवस जातात. म्हणून सिम कुणाच्या नावावर आहे, ते आधी विचारा.

दुसरी अडचण अनेकांना माहीत नसते. सिम बदलल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद ठेवले जातात. कुणी फसवणुकीने दुसऱ्याचं सिम काढलं तर त्याला बँकेचा ओटीपी लगेच मिळू नये, म्हणून हा नियम आहे. त्यामुळे व्हॉट्सॲपचा सहा अंकी कोडही एसएमएसने येत नाही. लोकांना वाटतं सिम खराब आहे, आणि ते पुन्हा पुन्हा कोड मागवतात. तसं केलं की ॲप पुढच्या प्रयत्नासाठी कित्येक तास थांबायला लावतं.

कॉल मात्र सिम सुरू होताच येतात. म्हणून थोडं थांबून `Call me` हा पर्याय निवडा. कॉलवर कोड ऐकू येतो, तो टाका. यासाठी नवा फोन विकत घ्यायची गरज नाही, घरातला कोणताही जुना स्मार्टफोन चालतो. नंबर इथे सुरू झाला की हरवलेल्या फोनवरचं व्हॉट्सॲप आपोआप बंद होतं.

कधी ॲप याशिवाय एक पिन मागतं. तो ताईंनी पूर्वी स्वतः ठेवलेला असतो. पिन आठवत नसेल आणि ई-मेलही जोडलेला नसेल, तर 7 दिवस थांबण्याला पर्याय नाही.

बॅकअप नसेल तर जुने मेसेज दिसणार नाहीत. त्याने घाबरू नका. ग्रुपची माहिती उघडून ताईंच्या नावापुढे ॲडमिन लिहिलंय का ते पाहा. लिहिलेलं असेल तर लगेच मुख्याध्यापक आणि एका वर्गशिक्षकाला ॲडमिन करा.

खातं बंद करण्याची घाई नको

फोन चोराच्या हाती असेल आणि सिम मिळायला वेळ लागणार असेल, तर व्हॉट्सॲपला ई-मेल करून खातं तात्पुरतं बंद करता येतं. `ceir.gov.in` वर पोलीस तक्रारीची प्रत जोडून हँडसेटही ब्लॉक करता येतो. पण त्याने हँडसेटचं मोबाइल नेटवर्क बंद होतं. वायफायवर व्हॉट्सॲप चालू राहू शकतं. त्यामुळे दोन्ही कामं वेगळी समजा.

तात्पुरतं बंद केलेलं खातं 30 दिवसांत पुन्हा सुरू केलं नाही तर ते डिलीट होतं आणि नंबर सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडतो. एकमेव ॲडमिन बाहेर पडला की ॲप उरलेल्यांतून कुणालाही ॲडमिन करतं. तो शिक्षक असेल की कधीच ग्रुप न उघडणारा पालक, हे आपल्या हातात नसतं.

नवा ग्रुप कधी काढायचा?

नंबर कायमचा गेला असेल किंवा आठवडाभर थांबणं शक्य नसेल, तरच. तो मुख्याध्यापकांच्या नंबरवरून काढा. जुन्या ग्रुपवर सगळ्यांना लिहिता येत असेल तर नव्याची लिंक तिथे टाकता येते. आपल्या उदाहरणात ते शक्य नाही. तिथे क्यूआर कोड छापून शाळेच्या फलकावर लावा आणि मुलांच्या वहीत चिठ्ठी द्या. चिठ्ठीवर शाळेचा शिक्का हवा, म्हणजे कुणी खोटी लिंक फिरवली तर पालकांना फरक कळेल.

प्रत्येक नाव हजेरीपटाशी ताडून मगच आत घ्या. त्यासाठी नव्या सदस्याला ॲडमिनची मंजुरी लागेल अशी सेटिंग करता येते. जुना ग्रुप मात्र दुसरं कुणी बंद करू शकत नाही. पालकांनी त्यातून स्वतः बाहेर पडावं, नाहीतर हरवलेल्या फोनवरून आलेला मेसेजही शाळेचाच वाटेल.

किती ॲडमिन पुरेत?

तीन. मुख्याध्यापक, एक शिक्षक आणि समितीतला एक पालक. दोघेही शिक्षकच असतील तर बदल्यांच्या वेळी दोघेही एकदम जाऊ शकतात, पालक गावातच राहतो. ग्रुप ज्यांनी काढला त्यांना इतर ॲडमिन हटवू शकत नाहीत, त्यामुळे तीन ॲडमिन केल्याने ताईंचं काही जात नाही. दर जूनमध्ये नवे पालक जोडताना ही तीन नावं आणि त्यांचे नंबर चालू आहेत का, एवढं तपासून घ्या.