कपाळावरची सावली

पदवीदान समारंभाचे फोटो बहुतेक वेळा भर दुपारी, उघड्यावर काढले जातात. ऊन डोक्यावर असतं आणि पदवीच्या टोपीची चौकोनी फळी कपाळाच्या पुढे आलेली असते. त्यामुळे कपाळ आणि डोळे काळवंडतात, गाल आणि हनुवटी मात्र लखलखीत दिसतात. तो भाग नुसता उजळला, तर चेहरा राखाडी-निळसर आणि आजारी दिसतो.

याचं कारण प्रकाशात आहे. गालावर थेट ऊन पडतं. सावलीतल्या कपाळावर ऊन पोहोचत नाही, तिथे मुख्यतः मोकळ्या आकाशाचा निळसर उजेड येतो. म्हणजे सावली काळी असते तशी थोडी निळीही असते.

एका पदवीधर मुलीचा फोटो घेऊ. उन्हातल्या गालाचे लाल, हिरवा, निळा हे आकडे 210, 165, 138 आहेत आणि सावलीतल्या कपाळाचे 96, 80, 76. लाल दुपटीहून जास्त घटला आहे, निळा दुपटीहून कमी. म्हणून तिन्ही रंग वेगवेगळे उचलावे लागतात. थर दुप्पट करून वरच्या थरावर Curves उघडा आणि लाल 96 वरून 165, हिरवा 80 वरून 131, निळा 76 वरून 113 वर न्या. वक्राचं खालचं टोक शून्यावरच राहू द्या, म्हणजे भुवया आणि काजळ फिकट पडणार नाहीत.

आकडे मुद्दाम गालाच्या पातळीपर्यंत नेलेले नाहीत, साधारण 60 टक्के अंतरच कापलं आहे. सावली पूर्ण पुसली, तर डोक्यावर टोपी असूनही तिची सावली नाही, हे डोळ्याला लगेच खटकतं.

आता त्या थराला काळा Layer Mask लावा आणि फक्त सावलीच्या जागी पांढऱ्या ब्रशने रंगवा. खरी कसोटी कडेची आहे. फळी चेहऱ्यापासून 10 सेंटीमीटरवर असेल, तर सावलीची कड जेमतेम एक मिलिमीटर पसरट असते. ब्रश फार मऊ घेतला, तर त्या रेषेलगत कुठे काळी पट्टी उरते, कुठे उन्हातली त्वचा फटफटीत होते. म्हणून कडेशी ब्रश बारीक आणि टणक हवा. तरीही उरलेली रेघ नव्या थरावर, शेजारच्या त्वचेचा पोत घेऊन बुजवायची. काम झालं की फोटो लहान करून पाहा. डोळ्यांचं पांढरं निळसर वाटलं, तर निळा आणखी उतरवायला हवा.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत मात्र सावली उचलताच डाग आणि चौकटी उमटतात, कारण गडद भागातला तपशील दाबताना गेलेला असतो. छायाचित्रकाराकडे मूळ फाइल मागा, शक्य असेल तर रॉ. गालच उन्हाने पांढराफटक झाला असेल, तर तिथली त्वचा रॉमध्येही थोडीच परत मिळते.