वीस मिनिटं नेमकी कुणाची?

खंडेनवमी जवळ आली की वॉशिंग सेंटरसमोर गाड्यांची रांग लागते आणि नवे फ्लेक्सही झळकतात. ‘चकाचक गाडी, फक्त 20 मिनिटांत’ असा मजकूर हमखास दिसतो. धुळे–सोलापूर महामार्गावर, गोदाकाठच्या शहागडला असं सेंटर चालवणाऱ्याने हे वाक्य लिहिण्याआधी एक हिशेब करून पाहावा.

समजा, सेंटरवर रॅम्प एकच आहे. फोम, प्रेशरचं पाणी, आतून व्हॅक्यूम आणि पुसणं धरून एका कारला 40 मिनिटं लागतात. पुढे तीन गाड्या असतील तर चौथ्या माणसाचे रांगेतच दोन तास जातात, आणि धुण्याची 40 मिनिटं वेगळी. घरी बादली-फडकं घेऊन बसला असता तरी तो याआधी मोकळा झाला असता. फलकावरचा आकडा धुणाऱ्याचा असतो. नवरा-बायको दोघंही नोकरीला आणि मुलाची शिकवणी, अशा घराला मात्र रविवारची सकाळ किती गेली एवढंच कळतं.

म्हणून माझ्या मते घोषणेत धुण्याचा वेग सांगूच नये, ग्राहकाची सुटका सांगावी. ‘गाडी लावा, बाजार करून या’ हे वाक्य मला सगळ्यांत पसंत आहे. थांबायचं नाही, हे त्यात आपोआप येतं आणि त्या वेळात काय उरकेल तेही दिसतं. दुचाकीवाल्यासाठी ‘रात्री गाडी द्या, सकाळी कामाला न्या’ चालेल. पण मग रात्री गाडी ठेवायला कुलपाची जागा हवी. घरून गाडी नेणार असाल तर ‘चावी द्या, रविवार घ्या’ लिहा, मात्र गाडी चालवायला परवानाधारक माणूस ठेवा.

लांबीचंही पाहावं लागतं. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर पुढे जाते. फलक 70 मीटरवरून वाचता येत असेल तर वाचणाऱ्याच्या हाती जेमतेम चार सेकंद. त्यात पाच-सहा शब्द मावतात. फोम, पॉलिश, व्हॅक्यूम ही यादी सेंटरच्या आतल्या भिंतीवर शोभते.

आकडा द्यायचाच असेल तर पावसाळा आठवून द्यावा. मडगार्डखाली वाळलेली काळी माती आधी भिजू द्यावी लागते. घाईने खरवडली तर रंगावर ओरखडे येतात. उन्हाळ्यातला आकडा तेव्हा टिकत नाही. खोटा दावा 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकतो; पण गावात त्याआधीच गिऱ्हाईक तुटतं. आपला आकडा खरा आहे का, हे तपासायला गाडी आल्याची आणि परत दिल्याची वेळ आठवडाभर वहीत लिहा. त्यात एखाद्या गाडीला लागलेला सर्वांत जास्त वेळ फलकावर टाका.

दसऱ्याच्या गर्दीत तर तोही आकडा झाकून ठेवा आणि फोनवर नंबर लावून घ्या. त्या दोन दिवसांपुरती ‘वेळ ठरवून या, थांबू नका’ एवढी एकच ओळ पुरे.