घर ते दुकान बिनतारी जोडणी: दिसणं आणि जुळणं

बेंगळुरूतल्या बोम्मसंद्र्यात घर होसूर रस्त्याच्या एका बाजूला आणि दुकान पलीकडे असेल, तर घरचं इंटरनेट दुकानात न्यायचं कसं? रस्ता ओलांडून केबल टाकता येत नाही. अशा वेळी दोन्हीकडे बाहेर लावायचं एकेक बिनतारी युनिट बसवतात आणि दोघांची तोंडं एकमेकांकडे करतात. आज ही तोंडं नीट कशी जुळवायची ते पाहू.

आधी वाट मोकळी आहे का ते तपासायचं. घराच्या गच्चीवरून दुकान दिसलं म्हणजे झालं, असं नाही. सिग्नल दोऱ्यासारखा सरळ रेषेत जात नाही. त्याचा आकार काकडीसारखा असतो, टोकांना बारीक आणि मध्ये फुगीर. अंतर ४०० मीटर आणि लहरी ५.८ गीगाहर्ट्‌झच्या असतील, तर मध्यावर या काकडीची त्रिज्या सुमारे २.३ मीटर भरते. त्यातली निदान ६० टक्के, म्हणजे मधल्या रेषेभोवती साधारण १.४ मीटर जागा मोकळी हवी.

होसूर रस्त्यावर ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोची पिवळी मार्गिका उंच पुलावरून धावते. समजा, पूल बरोबर मध्यावर आहे आणि गाडीचं छप्पर जमिनीपासून १५ मीटरवर येतं. घराची गच्ची १४ मीटरवर आहे आणि दुकानातलं युनिट पाटीच्या वर ४ मीटरवर लावलंय. मग मध्यावर रेषेची उंची दोन्हींची सरासरी, म्हणजे ९ मीटर. ती पुलाच्या बांधकामात अडकणार. घराकडचा खांब १ मीटर वाढवला, तरी मध्यावर अर्धाच मीटर मिळतो. म्हणून नुसता एक खांब उंच करत बसण्यात अर्थ नाही. दुकान ज्या इमारतीत आहे तिचीही गच्ची १४ मीटरवर असेल, तर मालकाची परवानगी घेऊन दोन्हीकडे ३ मीटरचे खांब लावा. रेषा १७ मीटरवर गेली, म्हणजे छपरापेक्षा २ मीटर वर. आता काम होईल. गच्चीवरून दुकानापर्यंतची केबल मात्र १०० मीटरच्या आत ठेवा, आणि खांबाला अर्थिंग द्या.

आता जुळवणी. दोन्ही युनिटं सारखीच उभी लावा. एक आडवं लागलं तर सिग्नल बराच पडू शकतो. मोबाइलमधल्या होकायंत्रावर विसंबू नका, लोखंडी खांबाजवळ ते चुकतं. नकाशावर रेषा आखून वाटेतली एखादी पाण्याची टाकी किंवा इमारत खूण म्हणून धरा.

एका टोकाचं युनिट अंदाजाने वळवून पक्कं करा. दुसऱ्या टोकाचं हळूहळू फिरवा आणि प्रत्येक वेळी काही सेकंद थांबा, कारण पडद्यावरचा आकडा लगेच बदलत नाही. आकडा ऋण असतो. शून्याच्या जितका जवळ, तितका चांगला. सर्वांत चांगला आकडा दिसला तरी तिथेच थांबू नका. डावीकडे तो ३ डेसिबलने घसरेल तिथे खूण करा, उजवीकडेही तशीच करा आणि दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये युनिट आवळा. मग वर-खालीही तसंच. गच्च्या सारख्या उंचीच्या असतील तर युनिट सरळच ठेवायचं. त्यानंतर पहिल्या टोकाला जाऊन हेच करा.

आकडा बरोबर आहे हे कसं ओळखायचं? युनिटची शक्ती १५ डीबीएम आणि दोन्ही अँटेना १३ डीबीआयच्या असतील, तर ४०० मीटरवर हिशेबाने साधारण -५९ डीबीएम यायला हवा. -६२ आला तरी चालेल. पण -७५ आला, तर वाट अडली आहे किंवा युनिट भलतीकडे तोंड करून आहे. डिश अँटेनात मुख्य झोताच्या बाजूला छोटे झोतही असतात आणि माणूस त्यातल्याच एखाद्याला शिखर समजून बसतो. अशा वेळी आणखी लांबवर फिरवून पाहा.

शक्ती वाढवून भागवायचा मोह टाळा. आपल्याकडे या लहरींच्या ठरावीक पट्ट्यांना परवाना लागत नाही, पण शक्तीला मर्यादा आहे. सेटिंगमध्ये देश भारत हाच निवडा.

शेवटी घरच्या संगणकावरून दुकानातल्या युनिटला, त्याचा जो पत्ता असेल तो घालून, अर्धा तास हाक मारत राहा:

```
ping -t 192.168.1.21
```

मेट्रो गेली की तेवढ्यापुरतं उत्तर थांबत असेल, तर उंची कमी पडते आहे. सिग्नल चांगला असून वेग कमी असेल, तर शेजारच्यांच्या लहरींची गर्दी आहे; चॅनल बदलून पाहा. आणि पावसात जोडणी तुटली तर पावसाला दोष देऊ नका. इतक्या कमी अंतरावर पाऊस या लहरींना फारसा अडवत नाही. केबलच्या जोडात पाणी शिरलंय का, वाऱ्याने खांब फिरलाय का, ते आधी पाहा. म्हणूनच जुळवणी झाली, की पट्ट्याच्या कडेला खांबावर रंगाची रेघ ओढून ठेवा. युनिट हललं तर लगेच कळेल.