वाळू-कोळशाची गाळणी : पाणी किती गाळते आणि किती सोडून देते

पावसाळ्याच्या सुरुवातीला वसई तालुक्याच्या पूर्वेकडील पाड्यांवरच्या उघड्या विहिरी गढूळ होतात आणि त्याच दिवसांत मुलांचे जुलाब सुरू होतात. म्हणून केमिकल इंजिनीअरिंगचे चार विद्यार्थी प्रकल्पासाठी तुळिंजला आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही त्यांना वाळू आणि कोळशाची घरगुती गाळणी बांधून तपासायला सांगितले. पाड्यावरच्या बाया ती पाहायला आल्या. गढूळ पाणी स्वच्छ होऊन पडताना पाहून एकीने लगेच विचारले, "ताई, मग आता पाणी उकळायला नको ना?"

सरपणासाठी रोज डोंगर चढणाऱ्या बाईचा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पाण्याच्या रंगावरून देता येत नाही, मोजमाप करावे लागते. ते कसे केले, ते इथे सांगते.

बांधणी

आम्ही सुमारे 80 सेंटिमीटर उंचीचे आणि आतून 30 सेंटिमीटर व्यासाचे प्लास्टिकचे पिंप घेतले. तळाला धुतलेली बारीक खडी, तिच्यावर जाडी रेती आणि त्यावर 50 सेंटिमीटर बारीक वाळू घातली. वाळू 0.6 मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेली, म्हणजे साधारण बारीक रव्यासारखी. खाडीची रेती घेतली नाही, कारण तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. बादलीत वाळू ढवळून वरचे पाणी जवळपास नितळ दिसेपर्यंत ती धुवावी लागते. पिंप एकदा भरले की हलवता येत नाही, नुसती वाळूच पन्नास किलोच्या वर भरते.

पाणी बाहेर नेणारी नळी तळातून निघते, पण तिचे तोंड वर वळवून वाळूच्या पृष्ठभागापेक्षा 5 सेंटिमीटर उंच ठेवायचे. त्यामुळे पाणी ओतणे थांबले तरी वाळूवर तीनेक बोटे पाणी उभे राहते आणि वाळू कधी कोरडी पडत नाही. याचे कारण पुढे येईल.

कोळसा आम्ही त्याच पिंपात न घालता खालच्या वेगळ्या बादलीत ठेवला. इस्त्रीवाल्याकडे मिळतो तो लाकडी कोळसा, गव्हाच्या दाण्याएवढा फोडून, काळे पाणी यायचे थांबेपर्यंत धुऊन. कोळसा काही आठवड्यांनी बदलावा लागतो. तो वाळूच्या खाली पुरला तर प्रत्येक वेळी सगळी वाळू उपसावी लागते.

वेग : हळू का हवे?

वाळू म्हणजे नुसती चाळण नव्हे. जंतू वाळूच्या फटींपेक्षा कितीतरी लहान असतात, ते सहज पार जाऊ शकतात. पण ओली वाळू रोज वापरात राहिली की दोन-तीन आठवड्यांत तिच्या वरच्या थरावर सूक्ष्म जीवांची बुळबुळीत साय धरते. ही साय आणि तिच्या खालचा वाळूचा थर पाण्यातले रोगजंतू अडवतात आणि खातात. वाळू कोरडी पडली की साय मरते, म्हणून नळीचे तोंड उंच ठेवायचे. आणि या कामाला वेळ लागतो, म्हणून पाणी हळू जायला हवे.

याचा मोठा दाखला 1892 सालचा आहे. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहर एल्ब नदीचे पाणी न गाळता पीत होते. त्या वर्षीच्या कॉलऱ्यात तिथे साडेआठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. शेजारचे आल्टोना गाव त्याच नदीचे, हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाचे म्हणजे अधिक घाण पाणी घेत होते, पण ते मंद वाळू गाळणीतून काढत होते. तिथे साथ फारच कमी पसरली. आपल्याकडे नागपूरच्या नीरी या संस्थेनेही खेड्यांसाठी अशाच मंद गाळणीवर काम केले आहे.

मंद गाळणीत पाणी वाळूतून तासाला साधारण 10 ते 20 सेंटिमीटर उतरते. आमच्या पिंपाचा हिशेब असा. व्यास 30 सेंटिमीटर, म्हणजे पृष्ठभागाचे क्षेत्रफळ सुमारे 707 चौरस सेंटिमीटर. तासाला 20 सेंटिमीटर पाणी उतरले तर 14 लिटर पाणी मिळेल. पाच माणसांच्या घराला पिण्यापुरते 20 लिटर पाणी दीड तासात निघते.

मोजायला फक्त लिटरचे माप आणि मोबाइलचे घड्याळ लागते. पिंप दर वेळी एकाच खुणेपर्यंत भरायचे, कारण वरच्या पाण्याची पातळी उतरली की वेगही उतरतो. मग एक लिटर भरायला लागलेला वेळ लिहायचा. 4 मिनिटे 15 सेकंद लागले तर तासाला 14 लिटर झाले, म्हणजे बरोबर. पण 80 सेकंदांत लिटर भरला तर तासाला 45 लिटर झाले, म्हणजे पाणी तिपटीहून जास्त वेगाने पळते आहे. वाळू जाडी असली की असे होते. कणांचा आकार दुप्पट झाला तर वेग साधारण चौपट होतो, त्यामुळे चाळणीत केलेला आळस इथे लगेच दिसतो.

वेग रोज वहीत लिहिला तर गाळणीची प्रकृती कळते. तो आठवड्यांत हळूहळू कमी होत गेला तर साय दाट होते आहे. फारच कमी झाला तर वरचे बोटभर पाणी आणि वाळूचा अगदी वरचा थर हाताने हलकेच ढवळून गढूळ पाणी वाटीने काढून टाकायचे. त्यानंतर काही दिवस गाळणी कच्चीच समजायची, कारण सायही विस्कटलेली असते. पण वेग एकाएकी वाढला तर आनंद मानू नये. पाण्याने पिंपाच्या कडेने चोरवाट काढली असण्याची शक्यता असते.

चोरवाट शोधायची युक्ती विद्यार्थ्यांनी दाखवली. 10 लिटर पाण्यात चहाचा एक चमचा मीठ विरघळवून ते ओतायचे, मागून साधे पाणी घालून पातळी तीच ठेवायची आणि बाहेर येणाऱ्या पाण्याला दर पाच मिनिटांनी टीडीएस मीटर लावायचा. वाळूत साधारण चाळीस टक्के पोकळी असते, म्हणजे आमच्या 35 लिटर वाळूत 14 लिटर पाणी मावते. तासाला 14 लिटर वेग असेल तर खारटपणा बाहेर यायला तासाच्या आसपास लागायला हवा. पाच-दहा मिनिटांत आकडा चढला तर पाणी वाळूतून न जाता कडेने जाते आहे. मग कडेची वाळू पाण्याखाली दाबून घट्ट बसवायची आणि पुन्हा तपासायचे.

हीच चाचणी आणखी एक गोष्ट शिकवते. मीठ शेवटी बाहेर आलेच. वाळू आणि कोळसा विरघळलेले क्षार काढत नाहीत. किनाऱ्याजवळच्या बोअरवेलचे मचूळ पाणी गाळल्यावरही मचूळच राहील. नायट्रेट आणि फ्लोराइडही तसेच राहतात.

काय निघाले, काय उरले?

गढूळपणा एनटीयू या एककात मोजतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, तो 1 पर्यंत असावा, दुसरे पाणी नसेल तर 5 पर्यंत चालतो. समजा विहिरीचे पाणी 40 आहे आणि गाळून 4 झाले, तर 90 टक्के गढूळपणा निघाला. हे यश डोळ्यांना दिसते.

जंतूंचा हिशेब मात्र वेगळा आहे. समजा 100 मिलिलिटर पाण्यात 1000 ई. कोलाय जंतू होते आणि गाळणीने 99 टक्के काढले. अहवालात 99 चा आकडा फार शोभतो, पण पाण्यात 10 जंतू उरलेच. मानक सांगते की 100 मिलिलिटरमध्ये एकही नको. म्हणून विद्यार्थ्यांना आम्ही सांगितले की, किती टक्के गेले ते लिहाच, पण किती उरले ते आधी लिहा.

पाड्यावर तपासायला एच-टू-एसची बाटली सोपी पडते. ही पद्धत ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये मांडली. बाटलीतल्या पट्टीवर पाणी भरून ती एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायची, काळी पडली तर विष्ठेतले जंतू असण्याचा संशय धरायचा. ती फक्त आहे किंवा नाही एवढेच सांगते. विहिरीची बाटली काळी आणि गाळलेल्या पाण्याचीही काळी, असे झाले तर गाळणी निकामी आहे असा अर्थ नव्हे. हजाराचे दहा झाले तरी बाटली काळीच पडते. नेमका फरक कळायला प्रयोगशाळेत मोजणी करावी लागते, आणि त्यासाठी पाणी निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून, त्याच दिवशी पोचवावे लागते. सोबत एक बाटली उकळून गार केलेल्या पाण्याची ठेवावी. तीही काळी पडली तर हाताळणीतच घाण शिरली आहे.

क्रम चुकवू नका

साधा कोळसा पाण्याचा वास, काहीसा रंग आणि चव सुधारतो. जंतू मारत नाही, उलट जुन्या कोळशावर जंतू वाढू शकतात. शिवाय तो क्लोरीन शोषून घेतो. म्हणजे घरात क्लोरीनचे थेंब टाकलेले पाणी कोळशातून गाळले तर औषध कोळशातच संपते. क्लोरीनचे पाणी वाळूवर ओतले तर साय मरते. म्हणून क्रम असा : आधी वाळू, मग कोळसा, आणि सर्वांत शेवटी, साठवण्याच्या झाकलेल्या भांड्यात, क्लोरीन. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबायचे.

इथे गाळणीचे खरे मोल कळते. गढूळ पाण्यात क्लोरीनचे बळ मातीवर आणि काडीकचऱ्यावर खर्च होते आणि जंतू त्या कणांच्या आड लपतात. गाळलेल्या पाण्यात तेच थोडेसे क्लोरीन पुरते.

त्या बाईला दिलेले उत्तर हेच होते. गाळलेले पाणी तसेच प्यायचे नाही. शेवटी क्लोरीन टाकत असाल, अर्धा तास थांबत असाल आणि पाणी झाकून ठेवून ओगराळ्याने काढत असाल, तर उकळण्याचे सरपण वाचेल. क्लोरीन संपले असेल त्या दिवशी पाणी खळखळून उकळायचे, मग ते कितीही नितळ दिसो.