रोजच्या गल्ल्यातून बॅटरीचा हप्ता

धाराशिव किंवा तुळजापुरात ई-रिक्षा घ्यायची म्हटली की पहिला हिशेब विजेचा होतो. रात्री चार्जिंगला लावली, साठ रुपयांची वीज गेली, दिवसभरात नऊशे आले, म्हणजे आठशे चाळीस सुटले. हा हिशेब अपुरा आहे, आणि त्यात राहून जाणारी रक्कम विजेच्या खर्चापेक्षा मोठी आहे. ई-रिक्षात वीज स्वस्त असते; महाग असते ती वीज साठवणारी बॅटरी. ती रोज थोडी थोडी झिजते, पण तिचे पैसे वर्षातून एकदाच, एकरकमी मोजावे लागतात. म्हणून रोजच्या नफ्याचा विचार बॅटरीपासूनच सुरू करायला हवा.

आधी गरज किती ते पाहू. नियमाप्रमाणे ई-रिक्षात चालकाशिवाय चार प्रवासी बसतात आणि तिचा वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असतो. माणसे धरून तिचे वजन सातशे किलोच्या आसपास जाते. गावातल्या सपाट रस्त्यावर, थांबत-निघत, ती किलोमीटरला सुमारे ५५ वॅट-तास ऊर्जा खाते. बस स्थानक ते मंदिर किंवा बाजारपेठ अशा दोन-दोन किलोमीटरच्या तीस फेऱ्या आणि दहा किलोमीटर रिकामे फिरणे धरले, तर ७० किलोमीटरला ३.८५ युनिट लागतात. बालाघाटाच्या चढ-उतारांत हा आकडा वाढतो. सातशे किलो वजन शंभर मीटर वर चढवायला, मोटर आणि गिअरमधली गळती धरून, पाव युनिटाहून थोडी जास्त ऊर्जा लागते. म्हणजे सपाटीवरच्या पाच किलोमीटरएवढी. उतारावर त्यातले फारसे परत मिळत नाही. त्यामुळे चढाच्या मार्गावर धावणाऱ्याने सपाटीचा हिशेब स्वतःला लावू नये.

आता बॅटरी. शिशाची, म्हणजे पाणी घालावे लागणारी बॅटरी रोज तळापर्यंत उतरवली की लवकर मरते. साठ टक्क्यांपर्यंतच वापरायची ठरवली, तर ३.८५ युनिटांसाठी ६.४ युनिट क्षमतेचा संच लागतो, म्हणजे बारा व्होल्टच्या, १३५ अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या. शंभरच्या चार बसवल्या की सुरुवातीला काही हजार वाचतात, पण रोज ऐंशी टक्के उतार होतो. शिवाय बॅटरीवर लिहिलेली क्षमता सहसा वीस तास सावकाश वापरल्यावर मिळणारी असते; रिक्षा ती चार-पाच तासांत ओढते, म्हणून हाती त्याहून कमी येते. लिथियम फॉस्फेट बॅटरी ऐंशी टक्के वापरली तरी तग धरते, म्हणून तिथे ५१ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर पुरते.

पैशांचे आकडे उदाहरणादाखल धरू. वाचकाने स्वतःचे घालावेत. भिंतीवरच्या सॉकेटमधून घेतलेल्या विजेतली शिशाच्या बॅटरीत सत्तर टक्केच उपयोगी पडते, म्हणून ३.८५ साठी साडेपाच युनिट भरावे लागतात. अकरा रुपये दराने साठ रुपये झाले. लिथियमला ४.४ युनिट, म्हणजे अठ्ठेचाळीस. फरक बारा रुपयांचा. बॅटरीच्या झिजेत मात्र फार मोठा फरक पडतो. जुना संच देऊन नवा शिशाचा तीस हजारांना पडला आणि तीनशे दिवस चालला, तर रोजचे शंभर रुपये. इथल्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, पाणी न पाहता वापरला आणि दोनशेच दिवसांत गेला, तर दीडशे. सत्तर हजारांची लिथियम बॅटरी बाराशे दिवस चालली तर अठ्ठावन्न. गाडीची झीज, टायर, ब्रेक, विमा यांचे एकशेचाळीस धरले, की नऊशेतून शिशावर सहाशे किंवा साडेपाचशे उरतात आणि लिथियमवर साडेसहाशेच्या वर.

लिथियमचे चाळीस हजार जास्त कुठून आणायचे, हा आक्षेप रास्त आहे. हे जादा पैसे वर्षाला अठरा टक्के व्याजाने काढले, तर व्याज रोज चोवीस रुपये पडते. चोपन्न रुपयांच्या फायद्यातून ते वजा केले तरी तीस उरतात; पण हा फायदा चार वर्षे बॅटरी टिकली तरच आहे, म्हणून लेखी वॉरंटी नसलेली स्वस्त लिथियम घेण्यापेक्षा चांगली शिशाची बरी. दुसरा आक्षेप नवरात्र आणि पौर्णिमेचा: त्या गर्दीत १२० किलोमीटर धावायचे तर ६.६ युनिट लागतात. पण वर्षातल्या मोजक्या दिवसांसाठी रोज जादा वजन वाहणारी मोठी बॅटरी घेण्यात अर्थ नाही. दुपारी दीड-दोन तास चार्जिंग केले की लिथियमला उरलेली अडीच युनिट मिळतात. शिशाच्या बॅटरीला हे जमत नाही. ती पूर्ण भरायला आठ-दहा तास घेते, आणि अर्धवट भरून रोज वापरली तर प्लेटांवर थर धरून क्षमता कमी होते.

शिशाचीच वापरायची असेल, तर फेरी संपल्यावर चारही बॅटऱ्यांचे व्होल्टेज वेगवेगळे मोजावे. एक इतरांपेक्षा अर्धा व्होल्ट खाली दिसली तर आधी तिचे पाणी पाहावे. पाणी ठीक असूनही ती खालीच राहिली तर तीच पूर्ण संचाला ओढते आहे. आणि कुठलीही बॅटरी असो, रोज संध्याकाळी शंभर रुपये तिच्या नावाने बाजूला टाकावेत. ते घरखर्चाचे पैसे नाहीत.